भाव वर, तरी कॅन्डल लाल आणि खाली लांब शेपूट: हा हॅमर धरायचा का?

निरंजना
चार्ट वाचायला नुकतीच सुरुवात केली आहे. एका शेअरवर नजर ठेवून आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण मला टिप नको, वाचता यायला हवं. या आठवड्याचे आकडे असे:

सोमवार: उघडला २४०, वर २४२, खाली २३१, बंद २३२
मंगळवार: उघडला २३१, वर २३३, खाली २२२, बंद २२४
बुधवार: उघडला २२३, वर २२५, खाली २१४, बंद २१५
गुरुवार (आज): उघडला २१९, वर २२०, खाली २०३, बंद २१८

दोन गोष्टी कळत नाहीत. बुधवारी २१५ ला बंद झालेला शेअर आज २१८ ला बंद झाला, म्हणजे तीनने वाढला. तरी चार्टवर आजची कॅन्डल लाल आहे. हे कसं? आणि दुसरं, माझा भाऊ म्हणतो की हा हॅमर आहे, म्हणजे घसरण थांबून भाव वर वळण्याची खूण, उद्या सकाळी घेऊन टाक. एवढ्या एका कॅन्डलवरून खरंच काही कळतं का?

बुल_राजा
भाऊ बरोबर बोलतोय, हॅमरच आहे. फक्त लाल आहे म्हणून थोडा कमजोर. हिरवा असता तर मी दुसरा विचारच केला नसता. लाल म्हणजे दिवसभरात शेवटी विकणारेच जिंकले.

चिंगी
बॉडी एक रुपयाची आणि शेपूट पंधराचं. हा हॅमर नाही, उंदीर आहे :)

पाऊलवाट
निरंजनाताई, आधी रंगाचं बघू. कॅन्डलचा रंग काल आणि आज यांची तुलना करत नाही. तो फक्त त्याच दिवशी उघडलेला भाव आणि बंद झालेला भाव बघतो. बुधवारी २१५ ला बंद झाला, पण गुरुवारी पहिला सौदाच २१९ ला झाला. म्हणजे रात्रीतूनच चारची उडी बसली. मग दिवसभरात २१९ वरून २१८ वर आला, म्हणून लाल. वाढ झाली ती कॅन्डलच्या आत नाही, दोन कॅन्डलमधल्या मोकळ्या जागेत झाली.

बुल_राजा, 'विकणारे जिंकले' हे इथे लागू होत नाही. बॉडी, म्हणजे उघडलेल्या आणि बंद भावातलं अंतर, फक्त एकची आहे आणि दिवसाचा पट्टा २०३ ते २२०, म्हणजे सतराचा. सतरामधल्या एकने कोण जिंकलं ते ठरत नाही. शिवाय 'बंद भाव' म्हणजे काय, हे प्रत्येक बाजारात सारखं नसतं. कुठे शेवटच्या काही मिनिटांतल्या सौद्यांची सरासरी घेतात, कुठे शेवटी वेगळा लिलाव होतो, आणि काही चार्ट सरळ शेवटचा सौदा दाखवतात. समजा सरासरी २१८ आली आणि शेवटचा सौदा मात्र २१९.५० ला झाला. मग हीच कॅन्डल एका चार्टवर लाल आणि दुसऱ्यावर हिरवी दिसेल. इतक्या लहान बॉडीच्या रंगावर निर्णय सोडू नये.

शेपूट मात्र दोन्ही चार्टवर जवळपास तेवढंच राहील. वाचायचं ते त्यात आहे.

मीनल_स
माझ्याकडे एक शेअर आहे, त्याच्या चार्टवर कॅन्डलच दिसत नाहीत, नुसत्या आडव्या रेघा. कधी कधी सलग दोन-तीन दिवस. ॲप बिघडलंय का?

पाऊलवाट
मीनलताई, ॲप ठीक आहे. त्या शेअरमध्ये सौदेच फार कमी होत असणार. दिवसभरात एकाच भावाला सौदे झाले की उघडणं, बंद होणं, वरचा आणि खालचा, चारही आकडे एकच येतात आणि नुसती रेघ उरते. सकाळीच भाव दिवसाच्या मर्यादेला जाऊन अडकला तरी असंच दिसतं. अशा शेअरवर कॅन्डलचे आकार वाचत बसू नका. एखाद्याने दोन-चार शेअर विकले तरी तिथे लांब शेपूट तयार होतं.

राघव_द
हा चार्ट तीनशे वर्षांपूर्वी होम्मा नावाच्या जपानी तांदूळ व्यापाऱ्याने शोधला. एवढी वर्षं टिकलाय म्हणजे त्यात काहीतरी असणारच.

शिरीषकाका
राघव, होम्मा मुनेहिसा हे साकाता गावचे, अठराव्या शतकातले मोठे तांदूळ व्यापारी. ओसाकाच्या दोजिमा बाजाराशी त्यांचं नाव जोडलं जातं आणि भावाबद्दलचं त्यांचं लिखाणही आहे. पण आज आपण बघतो तशी कॅन्डल त्यांनीच काढली याला भक्कम पुरावा नाही. हे रूप बहुधा त्यानंतर, मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतर रुळलं असं जाणकार मानतात. आणि जुनं आहे म्हणून खरं, हे मला पटत नाही. निरंजनाच्या प्रश्नाकडे येऊ या.

निरंजना, तुझ्या भावाला एक विचार: हॅमरच्या आधी काय होतं? हाच आकार बऱ्याच चढणीनंतर आला तर त्याला हँगिंग मॅन म्हणतात आणि पुस्तकं त्याला घसरणीची खूण मानतात. आकार तोच, अर्थ उलटा. तुझ्याकडे फक्त चार दिवस दिले आहेस.

निरंजना
काका, तीन आठवड्यांपूर्वी हा शेअर २६८ ला होता. तेव्हापासून जवळपास रोज खालीच. आणि मागे जाऊन बघितलं तर साधारण वर्षभरापूर्वी २०४ वरून वर वळला होता.

शिरीषकाका
मग हॅमर म्हणायला जागा आहे. २६८ वरून २१५ ही खरी घसरण झाली. आणि २०४ चा आकडा महत्त्वाचा आहे, तो लक्षात ठेव.

पाऊलवाट
आता शेपटाबद्दल. कॅन्डल चार आकडे सांगते, पण ते कोणत्या क्रमाने आले हे सांगत नाही. तुमच्या गुरुवारच्या कॅन्डलसारखीच कॅन्डल दोन अगदी वेगळ्या दिवसांतून तयार होऊ शकते.

एक दिवस असा: सकाळी २१९ ला उघडला, विक्रीचा लोंढा आला, २०३ पर्यंत गेला, तिथे खरेदीदार उभे राहिले आणि मग तासातासाने चढत २१८ ला बंद झाला. दुसरा दिवस असा: दिवसभर २१९ च्या आसपास निवांत, शेवटच्या अर्ध्या तासात कोणीतरी एकदम मोठा माल विकायला काढला, समोर खरेदीदार नव्हते म्हणून भाव क्षणभर २०३ ला टेकला आणि तो माल संपताच परत वर आला. चारही आकडे तेच, कॅन्डल हुबेहूब. पहिल्या दिवशी खालच्या भावाला मागणी किती आहे याची परीक्षा झाली. दुसऱ्या दिवशी फक्त एक ऑर्डर बाजाराला पेलली नाही.

त्यामुळे दिवसाची कॅन्डल बघितल्यावर पंधरा मिनिटांचा चार्ट उघडा आणि दोन गोष्टी सांगा. २०३ किती वाजता लागला, आणि त्या वेळी व्हॉल्यूम किती होता?

बुल_राजा
एवढं कशाला? शेपूट बॉडीच्या दुपटीपेक्षा मोठं, वर सावली जवळजवळ नाही, घसरणीनंतर आला. तिन्ही अटी पूर्ण. मी यावर कमावलंय.

निरंजना
बघितलं. पहिल्याच पंधरा मिनिटांची कॅन्डल: उघडला २१९, वर २१९, खाली २०३, बंद २१२. त्यानंतर हळूहळू चढत राहिला, २२० शेवटच्या तासात लागला. दिवसभराच्या व्हॉल्यूमचा साधारण चौथा हिस्सा त्या पहिल्या पंधरा मिनिटांत आहे.

पाऊलवाट
हे उपयोगी आहे. चौथा हिस्सा म्हणजे तो एखाद-दुसरा भरकटलेला सौदा नव्हता, खाली खरंच बराच माल हातबदल झाला. आता शिरीषकाकांनी सांगितलेला २०४ घ्या. ज्यांनी आधीच शेअर घेतला होता त्यांतल्या कितीतरी जणांचे स्टॉपलॉस जुन्या तळाच्या, म्हणजे २०४ च्या, जरासे खाली लावलेले असणार. भाव २०३ ला गेला, ते स्टॉपलॉस उडाले, म्हणजे विक्रीच्या ऑर्डर आपोआप बाजारात आल्या आणि कोणीतरी तो सगळा माल उचलला. नंतर दिवसभर भाव तिथे परत गेला नाही. हॅमरमागे अपेक्षित असते ती गोष्ट साधारण हीच.

पण कोण विकत होतं आणि कोण घेत होतं हे चार्टवर लिहिलेलं नसतं. मी म्हणतोय तो अंदाज आहे.

सांख्यिकी
मला इथे थांबवावंसं वाटतं. शेपटाची गोष्ट ऐकायला छान आहे, पण उलट घडलं असतं तर आपण तेवढीच छान दुसरी गोष्ट रचली असती. तपासायचं तर मोजून तपासावं. २००६ साली मार्शल, यंग आणि रोझ या तिघांनी डाऊ जोन्स इंडेक्समधल्या शेअर्सवर १९९२ ते २००२ या काळात कॅन्डलचे नेहमीचे पॅटर्न तपासले. हॅमरही त्यांत होता. त्या संकेतांवर घेऊन किंवा विकून फायदा होतो असं त्यांना आढळलं नाही. आणि हे ब्रोकरेज वगैरे खर्च धरायच्याही आधी.

बुल_राजा, तुम्ही कमावलं असेल, त्यावर माझा आक्षेप नाही. पण ज्या हॅमरनंतर भाव पडला, तेही तुम्ही मोजले आहेत का?

बुल_राजा
डाऊ जोन्सचे शेअर म्हणजे जगातले सगळ्यात जास्त अभ्यासलेले शेअर. तिथे सोपं काही शिल्लक राहणारच नाही. लहान शेअरमध्ये वेगळं चित्र असू शकतं. आणि नियमाने घ्यायचं, ठरावीक दिवसांनी विकायचं, असं कोणी करतं का? मी सपोर्ट बघतो, बाजाराची दिशा बघतो, मगच घेतो.

सांख्यिकी
लहान शेअरबद्दलचा मुद्दा रास्त आहे, तो निकाल सगळीकडे लागू होतो असं मी म्हणणार नाही. पण 'मी इतर गोष्टीही बघतो' म्हटलं की फायदा हॅमरमुळे झाला की त्या इतर गोष्टींमुळे, हे वेगळं कसं काढणार?

मीनल_स
मग शिकायचंच नाही का हे?

शिरीषकाका
शिकायचं की मीनल. दिवसभरात काय झालं ते वाचायला कॅन्डलसारखी सोय नाही. उद्या काय होईल हे तिला विचारायला लागलो की गाडी घसरते. निरंजनाने चार ओळीत आकडे दिले, पण कॅन्डल डोळ्यांसमोर आली तेव्हाच शेपूट दिसलं.

निरंजना
आज शुक्रवारचे आकडे: उघडला २१७, वर २२४, खाली २१६, बंद २२३. हिरवी कॅन्डल. मी घेतला नाही. भाऊ म्हणतो आता कन्फर्मेशन आलं, सोमवारी घे.

बुल_राजा
हॅमरच्या वरच्या टोकाच्या, म्हणजे २२० च्या वर बंद झाला. आता शंका कसली?

पाऊलवाट
बुल_राजा म्हणतात ते कन्फर्मेशन झालं, मान्य. पण त्याची किंमत मोजावी लागते, ती मांडून बघा.

गुरुवारी बंद होताना २१८ ला घेतला असता, तर स्टॉपलॉस हॅमरच्या तळाखाली, समजा २०२ ला. म्हणजे चुकलं तर शेअरमागे १६ जाणार. वर पहिला अडथळा सोमवारचं टोक २४२, तिथपर्यंत मिळाले असते २४. ही तुलना बरी होती, पण तेव्हा हॅमर खरा की खोटा हे कळलेलं नव्हतं.

आता २२३ ला घेतला तर स्टॉपलॉस तोच २०२, कारण हॅमर खोटा ठरतो तो त्याचा तळ तुटल्यावर. म्हणजे जोखीम २१ आणि २४२ पर्यंतची कमाई १९. खात्री वाढली, पण मिळणारं कमी आणि जाणारं जास्त झालं. लांब शेपटाच्या हॅमरची ही खरी अडचण आहे. शेपूट जितकं लांब तितका तो लोकांना जोरदार वाटतो, आणि तितकाच स्टॉपलॉस लांब जातो.

राघव_द
मग स्टॉपलॉस जवळ लावायचा. २१५ ला लावा, शुक्रवारच्या कॅन्डलच्या खाली. जोखीम आठ.

पाऊलवाट
लावता येतो, पण मग तो हॅमरवरचा सौदा राहत नाही. गेल्या काही दिवसांत हा शेअर रोज आठ ते अकरा हलतोय, गुरुवारी तर सतरा हलला. आठचा स्टॉपलॉस साध्या हालचालीतही उडेल आणि हॅमर तसाच उभा असेल. जोखीम कमी करायची तर स्टॉपलॉस जवळ आणण्यापेक्षा शेअर कमी घ्यावेत. एका सौद्यात जास्तीत जास्त २१०० गेले तरी चालतील असं ठरवलं असेल, तर २१ ने भागा, १०० शेअर. त्याहून जास्त नाही.

चिंगी
एक बाळबोध प्रश्न. मी हाच आठवडा वीकली चार्टवर बघितला, आकडे जोडून. तिथे तर हॅमर नाहीच दिसत?

शिरीषकाका
बाळबोध कसला, चांगला प्रश्न आहे. आठवड्याची कॅन्डल जोडायची तर सोमवारी उघडलेला भाव २४०, आठवड्यातला सगळ्यात वरचा २४२, सगळ्यात खालचा २०३ आणि शुक्रवारचा बंद २२३. बॉडी १७ ची, तीही लाल, खालचं शेपूट २०. दुपटीची अट इथे पूर्ण होत नाही. वीकली बघणाऱ्याला फक्त एक मोठी लाल कॅन्डल आणि खालून थोडी सावरलेली दिसेल. तोच शेअर, तेच सौदे. कुठे काप मारला त्यावर आकार ठरतो.

सांख्यिकी
शिरीषकाकांचा हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बाजार दोन तास उशिरा उघडला असता तर गुरुवारचं शेपूट कदाचित दिसलंच नसतं.

पाऊलवाट
अर्धं पटतं. पण बाजार उघडणं आणि बंद होणं हे काप मनाला येईल तिथे मारलेले नसतात. रात्रभरात साठलेल्या ऑर्डर सकाळी येतात, आणि ज्यांना रात्रभर शेअर अंगावर ठेवायचा नसतो ते शेवटच्या तासात मोकळे होतात. त्यामुळे दिवसाच्या कॅन्डलमधल्या उघडलेल्या आणि बंद भावाला जे वजन आहे, ते पंधरा मिनिटांच्या कॅन्डलच्या उघड-बंदला नाही.

मीनल_स
मला अजून ते रंगाचंच खटकतंय. भाव वाढला की हिरवं, पडला की लाल, असं सरळ दाखवता येत नाही का?

पाऊलवाट
येतं. बऱ्याच चार्टिंग ॲपमध्ये पोकळ कॅन्डलचा पर्याय असतो. त्यात रंग कालच्या बंद भावावरून ठरतो, आणि बॉडी पोकळ की भरीव हे आजच्या उघड-बंदवरून. निरंजनाताईंची गुरुवारची कॅन्डल त्यात हिरवी पण भरीव दिसेल: कालपेक्षा वर, उघडल्यापेक्षा खाली. दोन्ही गोष्टी एका नजरेत कळतात. फक्त इतरांशी बोलताना आपण कोणती कॅन्डल बघतोय ते सांगा, नाहीतर एकाच दिवसावरून भांडण होतं.

निरंजना
हे लावून बघितलं, छान कळतं. पुढचे दोन दिवस देते. सोमवार: उघडला २२४, वर २२६, खाली २१७, बंद २१८. मंगळवार: उघडला २१७, वर २१९, खाली २०९, बंद २११. कन्फर्मेशनची हिरवी कॅन्डल पूर्ण पुसली गेली. हॅमर फसला म्हणायचं का?

बुल_राजा
२०३ शाबूत आहे. तळाची पुन्हा परीक्षा होतेय इतकंच. मी तरी सोडणार नाही.

सांख्यिकी
म्हणजे वर गेला तर हॅमर चालला आणि खाली आला तर परीक्षा. मग फसला म्हणायला नक्की काय घडावं लागेल, ते आत्ताच लिहून ठेवा.

बुल_राजा
लिहितो. २०३ च्या खाली बंद झाला तर फसला. दिवसात नुसता टेकून वर आला तर नाही.

पाऊलवाट
माझं मत इथे वेगळं आहे. बंद भावाची वाट बघायची म्हणजे त्या दिवशी तो १९५ लाही बंद होऊ शकतो आणि ठरवलेल्या २१ ऐवजी २८ जातील. २०२ ला ऑर्डर लावून ठेवली की बहुतेक वेळा तोटा तेवढ्यावर थांबतो, रात्रीतून खूप खाली उघडला तर मात्र नाही. पण गेल्या गुरुवारी सकाळी २०४ च्या जरा खाली स्टॉपलॉस लावलेल्यांचं काय झालं तेही आपण बघितलं: ते बाहेर पडले आणि त्याच दिवशी भाव २१८ ला बंद झाला. मी तरी पैसे कमी लावून ऑर्डर लावलेली बरी मानतो.

शिरीषकाका
मी बंद भावाचा माणूस आहे, पण शेअर निम्मेच घेतो. निरंजना, तू घेतलेला नाहीस ना अजून? मग बुधवारी २०९ च्या खाली गेला तर पहिल्या पंधरा मिनिटांचा व्हॉल्यूम बघून इथे टाक. २०३ जवळ गुरुवारइतकाच माल पुन्हा उचलला जातोय की या वेळी खरेदीदार मागे सरतायत, ते त्यातून दिसेल.

निरंजना
नाही घेतला काका. टाकते.